एकपाणी मावशीचं तिसरं पाणी

बायकोच्या पाठीमागे माणसं काय काय करतात! कुणी विड्या ओढतं, कुणी पत्ते खेळतं. आमचे शिंपीकाका बायकोच्या पाठीमागे मासळीचं पाणी बदलायचे. तेही एक-दोन वेळा नाही, लागोपाठ अठ्ठावीस वर्षं, आठवड्यातून दोनदा. आणि बायकोला याचा पत्ता नाही.

बायको होती सुक्या मासळीची व्यापारीण. बाजाराच्या टोकाला, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून ती बसायची. समोर टोपल्या, टोपल्यांत खारवून वाळवलेले मासे, आणि तोंडात एकच घोषणा: "एकच पाणी द्यायचं! अर्धा-पाऊण तास भिजवा, निथळा, तळा. माझ्या मासळीला दुसरं पाणी लागतच नाही!" म्हणून सगळा बाजार तिला एकपाणी मावशी म्हणायचा. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत यायचं, म्हणायचं, "मावशी, मासा फार खारट झाला हो." मावशीचा पारा चढायचा. "तुला भिजवता येत नाही, त्यात माझ्या मासळीचा काय दोष? माझ्या घरी येऊन खा एकदा!" आणि गिऱ्हाईक खरंच आलं असतं, तर घरचा मासा खाऊन गप्प बसलं असतं. कारण घरचा मासा खरोखर छान असायचा. तिथेच तर सगळी गोम होती.

मावशी खोटं बोलत नव्हती, एवढं आधीच सांगून टाकतो. जन्मापासून मिठात वाढलेलं माणूस ते. आई हेच विकायची, आजी हेच. दिवसभर माशाचा कोपरा मोडून जिभेवर ठेवायचा, माल जुना की नवा ते ओळखायचं. इतक्या वर्षांत जिभेला मीठ म्हणजे काय ते कळेनासंच झालं होतं. नाकाचंही तेच. शेजारीपाजारी नाकाला पदर लावायचे, तेव्हा ती निरागसपणे विचारायची, "सर्दी झाली का गं तुम्हा सगळ्यांना?"

लग्न झालं तेव्हा काका पंचवीस वर्षांचे, हडकुळे, दुसऱ्याच्या दुकानात काज-बटणं करणारे. नव्या संसारातलं पहिलं जेवण. तिने पहाटे उठून मासा भिजवला होता, पाऊण तास, एक पाणी. तळून ताटात वाढला आणि समोर उकिडवी बसली. मिठाने भेगाळलेले हात मांडीवर ठेवून ती बघत राहिली. काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे कान गरम झाले. मिठागर तोंडात आलं होतं नुसतं. पण समोरचे ते डोळे! अहो, अशा डोळ्यांसमोर कुणाची हिंमत होईल? काकांनी घास गिळला आणि म्हणाले, "छान."

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. एकदा "छान" म्हटल्यावर दुसऱ्या खेपेला काय म्हणणार? तिसऱ्या खेपेला काका जेवताना सात पेले पाणी प्यायले. चौथ्या खेपेला त्यांना युक्ती सुचली.

मावशी सहाच्या ठोक्याला बाजाराला निघायची. जाताना मासा पातेल्यात भिजत घालायची आणि काकांना बजावायची, "पाऊण तासाने निथळून ठेवा हं, नुसतं निथळायचं. तुम्ही काही अक्कल चालवू नका." काका मान डोलवायचे. तोवर त्यांनी घरीच मशीन टाकलं होतं, खिडकीखाली. पावलं जिन्यावरून उतरून गेली की काका मशीनवरून उठायचे आणि अक्कल चालवायचे.

सुरुवातीला चुका झाल्याच. पहिल्याच वेळी त्यांनी मासा त्याच पाण्यात थेट दुपारपर्यंत ठेवला. म्हटलं, जास्त वेळ भिजला की जास्त मीठ सुटेल. कुठचं काय! मासा फुगला, पण खारटचा खारटच. मग बसून डोकं खाजवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की पाणीच खारट झालं तर ते मासळीतलं मीठ ओढणार कसं? पाणी बदललं पाहिजे. वेळ वाढवून उपयोग नाही, पाणी नवं पाहिजे. दुसऱ्या वेळी त्यांनी घाई केली, उकळत्या पाण्यात मासा टाकला आणि खदखदा उकळवला. त्याचा भुगा झाला. त्या दिवशी त्यांनी मावशीला सांगितलं, की मांजर आलं होतं.

हळूहळू हात बसला. आदल्या रात्री मावशी झोपली की कोरड्या ब्रशने माशावरचं चिकटलेलं मीठ झाडायचं, ते पाण्यात जाऊच द्यायचं नाही. तो ब्रश म्हणजे कपड्यावरचा खडू झाडायचा त्यांचा जुना ब्रश. मावशीने भिजवलेलं पाणी साडेसहाला ओतायचं, दुसरं भरपूर थंड पाणी घालायचं. तासाभराने ते ओतून तिसरं, आणि हे तिसरं तांदळाच्या धुवणाचं, म्हणजे वास मऊ होतो. मग गार पाण्यातच मासा चुलीवर ठेवायचा, आच मंद, चिंचेचा बारकासा गोळा टाकायचा. पाणी थरथरायला लागलं, कडेला बारीक बुडबुडे आले की पाच मिनिटं, बस्स. उग्र वास असतो तो सगळा त्या वाफेत आणि त्या पाण्यात निघून जातो. ते पाणी ताबडतोब मोरीत. मासा चाळणीत. आणि शेवटी सुती कापडाच्या चिंध्यांनी एकेक तुकडा टिपायचा, म्हणजे तेलात पडल्यावर तडतडत नाही. चिंध्यांना शिंप्याच्या घरी काय तोटा!

हे करताना सगळ्या खिडक्या उघड्या, आणि गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे पत्र्याच्या ट्रंकेत बंद. कारण एकदा एका शाळेच्या बाईंचा नवा कोट ट्रंकेबाहेर राहिला होता, आणि बाई वर्गात शिरल्या की पहिल्या बाकावरची मुलं नाकं मुरडू लागली. तेव्हापासून काका ट्रंकेला कुलूप घालायचे.

मोरीत पाणी पडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा. खालची शेजारीण खिडकीतून ओरडायची, "काका, तिसरं झालं का?" काका खाली वाकून तोंडावर बोट ठेवायचे. सगळ्या इमारतीला माहीत होतं. फक्त जिच्या नावाने हे चाललं होतं, तिलाच नव्हतं.

मावशी एकला घरी यायची, चाळणीतला मासा बघून खूश व्हायची. "बघा, निथळला की कसा सुरेख मऊ होतो! एकाच पाण्यात!" मग तांदळाचं पीठ, तिखट, हळद लावून तळायची. पिठात मीठ घालायची नाही, तेवढं तिला कळत होतं. काकांच्या ताटात दोन तुकडे, तिच्या ताटात दोन तुकडे आणि शेजारी मिठाची मोठी चिमूट. "मला जरा चढं लागतं," ती म्हणायची. "तुमच्यासाठी बेताचं करते हो मी." काका म्हणायचे, "छान." आता ते खरंच छान असायचं. तिला वाटायचं ती नवऱ्याचे लाड करते, आणि यांना वाटायचं हे बायकोचे करतात. दोघंही सुखात होती.

असंच आयुष्य गेलं असतं, पण मावशीच्या गुडघ्यांनी दगा दिला. जमिनीवर बसून बसून ते पार गेले. सकाळी बसली की दुपारी उठताना भिंतीला धरून, आई गं, आई गं म्हणत उठायची. डॉक्टर म्हणाले, जमिनीवर बसणं बंद. मावशी म्हणाली, बाजारात खुर्ची टाकली तर टोपल्या दिसणार कशा? काका रात्री तेल चोळून द्यायचे आणि जिवाला लावून घ्यायचे.

तेवढ्यात रुग्णालयाच्या कॅन्टीनच्या व्यवस्थापक बाई काकांकडे आल्या. त्यांना स्वयंपाकघरातल्या बायकांसाठी आठ ॲप्रन शिवून हवे होते. मापं देता देता एक वाजला, मावशी आली, मासा तळला, आणि बाईंना आग्रह झाला. बाईंनी एक तुकडा खाल्ला. मग न विचारता दुसरा उचलला. "मावशी, हा सुका मासा? खारट नाही, वास नाही, आणि बाहेरून कसा कुरकुरीत! आमच्या परिचारिका दर गुरुवारी सुक्या मासळीचा हट्ट धरतात, आणि आमच्याकडे कुणी केली की अर्धी ताटं परत येतात. येत्या गुरुवारी तुम्ही या. चाळीस जणींचं जेवण. आवडलं तर दर गुरुवारी तुमचंच. शिवाय कॅन्टीनच्या दाराशी एक खिडकी आहे रिकामी. बाकीचे दिवस तिथे उंच स्टुलावर बसून विका तुमची मासळी. ओटा आहे, सावली आहे."

उंच स्टूल! मावशीने काकांकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते काकांनी पहिल्या जेवणानंतर पाहिलं नव्हतं. "मी येते," ती म्हणाली. "मासा मी तिथेच भिजवीन. एक पाणी दिलं की झालं." काकांच्या हातातली टेप खाली पडली.

पुढचे चार दिवस काका मशीनवर बसून एकच हिशेब करत होते. सांगावं, तर अठ्ठावीस वर्षांचं तिचं एकपाणी एका वाक्यात बुडणार. न सांगावं, तर गुरुवारी चाळीस परिचारिकांच्या तोंडात मिठागर, आणि स्टूल गेलं. सोमवारी त्यांनी लांबून खडा टाकून पाहिला. "अगं, चाळीस जणींचं आहे, माल जाड आहे, दोन पाणी द्यावीत का?"

मावशीने कमरेवर हात ठेवले. "आता शिंपी मला मासा शिकवणार! मी कधी तुम्हाला म्हटलं, की बाही उलटी लावा म्हणून?"

मंगळवारी ते म्हणाले, मी येतो मदतीला. ती म्हणाली, "तुम्ही येऊन काय करणार? निथळणार? त्यांच्याकडे माणसं आहेत निथळायला." बुधवारी काकांनी सांगायचा नाद सोडला. शनिवारी द्यायचे म्हटलेले आठच्या आठ ॲप्रन त्यांनी त्या एका दिवसात शिवून काढले. न जेवता, न उठता. कारण कॅन्टीनमध्ये शिरायला त्यांच्याकडे तेवढंच एक निमित्त होतं.

गुरुवारी सव्वानऊला काका ॲप्रनचं गाठोडं काखोटीला मारून कॅन्टीनच्या मागच्या दाराने आत आले. लांबलचक स्वयंपाकघर, पांढऱ्या फरशा, तीन मोठ्या शेगड्या. कोपऱ्यात नळाखाली एवढं मोठं घमेलं, त्यात आठ किलो मासा भिजलेला. पाणी गढूळ, वर मिठाचा फेस. मावशी दिसत नव्हती, कोठीच्या खोलीत तेलाच्या डब्यावरून कुणाशी तरी वाद घालत होती. तिचा आवाज इथपर्यंत येत होता. फक्त एक भांडीवाली ओट्याशी ताटं पुसत उभी होती.

काकांनी गाठोडं ठेवलं, बाह्या सारल्या आणि घमेलं कलतं करायला गेले. ते जागचं हलेना. शेवटी त्यांनी नळाजवळचा मग घेतला आणि उपसायला सुरुवात केली. एक मग, दोन मग, दहा मग. विजार गुडघ्यापर्यंत भिजली.

भांडीवाली म्हणाली, "काका, काही पडलंय का आत?"

"हळू बोल, बाई! हळू बोल."

"मी हळूच बोलतेय. पण त्या मागे उभ्या आहेत."

काका वळले. मावशी तेलाचा डबा धरून दारात उभी होती. "अहो! हे काय चाललंय?"

कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात, आणि हातात मग. अशा माणसाला कुठलं खोटं सुचणार? मांजराचं नाव तरी इथे कसं घ्यायचं? काकांनी मग खाली ठेवला. "पाणी बदलतोय."

"का?"

"खारट होईल म्हणून."

"एका पाण्यात कधी झालाय खारट? घरी होतो का?"

काका विजारीचं पाणी पिळायला लागले. भांडीवालीने ताट पुसायचं थांबवलं. मावशीच्या हातातला डबा हळूच ओट्यावर आला.

"घरी पण?"

काकांनी मान हलवली.

"कधीपासून?"

"लग्नाला महिना व्हायचा होता."

"रोज?"

"मासा असेल तेव्हा. तीन पाणी. जाड असला तर चार. आणि एक मंद उकळी."

"उकळी पण!" मावशीचा आवाज चिरकला. "शिंपी, तुम्ही माझ्या मागे उकळी पण काढता? आणि ते मांजर?"

"मांजर नव्हतंच."

मावशीला ते पटेना. ती तरातरा घमेल्याकडे गेली, एक तुकडा उचलला, पीठ लावून छोट्या तव्यावर तळला आणि भांडीवालीच्या हातात दिला. "खा. आणि खरं सांग. मला वाईट वाटेल म्हणून काही बोललीस तर बघ."

भांडीवालीने चावला. थांबली. पुन्हा चावला. मग नळाकडे गेली आणि ओंजळीने घटाघटा पाणी प्यायली. "चव आहे हो मावशी," ती म्हणाली.

"खरं सांग म्हटलं ना!"

"जीभ जळली माझी. नुसतं मीठ आहे."

मावशीने उरलेला अर्धा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. सावकाश चघळला. दोघं तिच्याकडे बघत होते. "मला तर बरोबर लागतंय," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता तिलाच ते समजलं. बाजूला भाजीचा रिकामा क्रेट पालथा होता, त्यावर ती मटकन बसली.

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते तिच्यासमोर तसेच ओलेत्याने उभे राहिले. "अगं, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तू अशी बघत होतीस..."

"अठ्ठावीस वर्षं," मावशी फरशीकडे बघत म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, एकच पाणी. ती पोस्टातली बाई तीनदा आली परत. मी तिला म्हटलं, तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही. आणि खालची शेजारीण? तिला माहीत आहे?"

"इमारतीत सगळ्यांनाच..."

"सगळ्यांना!" मावशीचे खांदे हलायला लागले. काका घाबरले, रडते की काय. पण ती हसत होती. आधी आत दाबून, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "म्हणजे मी आपली बाजारात ओरडतेय एक पाणी, आणि वर मोरीत तुमचं धो धो धो धो!" भांडीवालीलाही हसू आवरेना. काकांच्या जिवात जीव आला.

मग हसू जसं आलं तसं थांबलं. मावशीने पदराने तोंड पुसलं. "किती वाजले?"

"साडेनऊ."

"वाढायचं साडेबाराला. तीन तास. एवढ्या जाड तुकड्यांचं मीठ तीन तासांत निघेल?"

"असंच ठेवलं तर नाही," काका म्हणाले. "पण तुकडे लहान केले, आणि पाणी लवकर लवकर बदललं, तर निघेल."

मावशी भिंतीला धरून उठली. आणि उठली ती बाजारातली मावशी होऊनच उठली. "तू घमेलं धर तिकडून. अहो, तुम्ही इकडून. ओता सगळं. सुरी कुठे आहे?"

तिने सुरी घेतली आणि काका बघतच राहिले. काट्याच्या कडेने असा हात फिरवायची, की तुकडा अखंड सुटायचा, काटा वेगळा. दोन बोटं रुंद तुकडे, सगळे एका मापाचे. काकांनी कापडाला कात्री लावताना एवढी सफाई कधी दाखवली नव्हती. कापता कापता ती तुकडे दोन घमेल्यांत टाकत होती. पाठीकडचे जाड एकात, पोटाकडचे नि शेपटीचे पातळ दुसऱ्यात.

"वेगळे का?" काकांनी विचारलं.

मावशीचा हात थांबला. "म्हणजे घरी तुम्ही सगळे एकत्र भिजवता? आणि एकत्र उकळता?"

"हो."

"तरीच! शेपटीचे तुकडे नेहमी मोडलेले असायचे, फिक्के. मी म्हणायची माल वाईट. पातळ तुकड्याचं मीठ आधी निघतं हो, जाडाला वेळ लागतो. अठ्ठावीस वर्षं माझा चांगला माल बिघडवलात तुम्ही!" आणि हे म्हणताना तिला जो आनंद झाला, तो काय सांगू! आता हिशेब थोडा बरोबरीत आला होता.

पाणी कोमट घेतलं, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच. दर वीस मिनिटांनी ओतायचं, नवं भरायचं. ओतायला भांडीवाली आणि काका, भरायला मावशी. पातळ तुकडे दोन पाण्यांतच बाहेर आले. जाडांना तिसरं दिलं, मग चौथं. कॅन्टीनमध्ये भाताचे तांदूळ धुतले होते, त्याचं धुवण मावशीने फेकू दिलं नाही. ते पाचवं. सव्वाअकराला दोन मोठ्या पातेल्यांत गार पाणी, चिंच, आणि आच मंद. काका वाकून बुडबुडे बघत उभे. "आलं. आता पाच मिनिटं. पातळांना तीनच." वाफेबरोबर तो उग्र वास उठला, खिडक्या उघडल्या, पंखे लावले, आणि पाणी मोरीत गेलं. काकांनी लगेच एक जाड तुकडा मोडला.

"कसा आहे?" मावशीने विचारलं.

काकांनी चाखला. तोंडात आलेलं "छान" त्यांनी आवंढ्याबरोबर गिळलं. "अजून आहे थोडं. मधोमध. जाडांना एक उकळी आणखी."

मावशीने जाडांचं पातेलं पुन्हा पुढे ओढलं. मग वळून म्हणाली, "ऐकलंस ना गं? गार पाणी आण."

दुसऱ्या उकळीनंतर काका म्हणाले, झालं. कापड कुठून आणायचं, तर ॲप्रन कापून उरलेल्या चिंध्या काकांच्या खिशात होत्याच. सवयीने घेतल्या होत्या. तिघांनी मिळून सगळे तुकडे टिपले. मग पीठ, तिखट, हळद, आणि मावशीचा झारा. तेल फार तापू द्यायचं नाही, तुकडे गर्दी करून टाकायचे नाहीत, एका बाजूने सोनेरी झाल्याशिवाय उलटायचे नाहीत. तिथे मात्र काकांना जवळ उभं राहायचीही परवानगी नव्हती.

साडेबाराला परिचारिका आल्या. पांढऱ्या गणवेशातल्या, रात्रपाळीने आंबलेल्या, सकाळपाळीने घाईतल्या. लांब बाकांवर बसल्या. टेबलांवर पाण्याचे सहा जग भरून ठेवले होते. काका दाराआड उभे राहून माणसांकडे नाही, त्या जगांकडे बघत होते. खारट मासा खाल्लेला माणूस खोटं बोलेल, पण त्याचा हात पाण्याच्या जगाकडे गेल्याशिवाय राहत नाही. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कुणी म्हणालं, "अगं, वास नाही!" कुणी म्हणालं, "आणखी आहे का?" एका थोराड परिचारिकेने शेजारणीच्या ताटातला तुकडा पळवला आणि दोघींची जुंपली. बाकं रिकामी झाली. सहा जग जवळजवळ भरलेलेच होते. काकांनी ते दोनदा पाहिले, आणि दाराआड उभ्या उभ्या त्यांचे डोळे भरून आले.

व्यवस्थापक बाई आत आल्या. "मावशी, दर गुरुवार तुमचा. स्टूल उद्याच ठेवायला सांगते. पण एवढ्या जणींचं एका पाण्यात कसं जमवलंत हो?"

मावशीने पदर खोचला. "एका पाण्यात?" ती म्हणाली. "कोण म्हणतं एका पाण्यात? पाच पाणी आणि दोन उकळ्या. सोपं असतं का ते! विचारा या शिंप्याला."

दुसऱ्या दिवसापासून बाजारात नवी घोषणा सुरू झाली, आणि पुढे कॅन्टीनच्या खिडकीत उंच स्टुलावरूनही तीच. "तीन पाणी द्या! जाड वेगळा, पातळ वेगळा! मग एक मंद उकळी!" जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, "पण तुम्हीच तर सांगायचात, एकच पाणी..." मावशी स्टुलावरून पाय हलवत म्हणायची, "तेव्हा माझा नवरा चोरून बदलायचा." आणि अख्खी गोष्ट पहिल्यापासून सांगायची, मांजरासकट. पोस्टातल्या बाईला तिने स्वतः जाऊन अर्धा किलो मासा दिला आणि वर म्हणाली, "तुझ्या आईने तुला नीट शिकवलंय." नाव मात्र बदललं नाही. अजूनही सगळे तिला एकपाणी मावशीच म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी मावशी घरी होती. सकाळी काका मशीनवर बसले होते, पाय चालू होते, कान मोरीकडे. आत पाणी पडलं, एकदा. थोड्या वेळाने पुन्हा. मग मावशी बाहेर आली, एका बशीत उकडलेला तुकडा घेऊन. त्यांच्यासमोर उभी राहिली. तेच भेगाळलेले हात, आणि बघणं अगदी तसंच, पहिल्या दिवशीसारखं.

"चाखा," ती म्हणाली.

काकांनी मशीन थांबवलं. तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. वर बघितलं.

"अजून एक पाणी लागेल," ते म्हणाले.

मावशीचा चेहरा असा फुलला, की काकांना वाटलं, हे आपण अठ्ठावीस वर्षांपूर्वी का नाही म्हणालो! "बघा, म्हणता येतं की तुम्हाला," ती म्हणाली, आणि बशी घेऊन मोरीकडे गेली. खालच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली, "काका, तिसरं झालं का?"

"आत्ता ओततेय!" मावशीने वरून उत्तर दिलं.